परीक्षेच्या आदल्या रात्री प्रवेशपत्र नीट वाचा

प्रवेशपत्रावर बहुतेकांची नजर पेपरच्या वेळेवर जाते, पण महत्त्वाची असते गेट बंद होण्याची वेळ. समजा पेपर २ वाजता आहे आणि गेट दीडला बंद होतं. मग हिशेब दीडपासून उलटा करायचा: रांग आणि तपासणीला पाऊण तास, प्रवासाला एक तास, वाहतूक अडली तर म्हणून अर्धा तास. म्हणजे सव्वाअकराला घराबाहेर. केंद्राचं नाव नकाशावर शोधताना पूर्ण पत्ता जुळवा. एकाच नावाच्या दोन शाखा असू शकतात.

प्रवेशपत्राच्या दोन प्रती छापा, फोटो आणि बारकोड पुसट नकोत. ओळखपत्र मूळच न्या, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो अनेकदा चालत नाही. त्यावरचं नाव प्रवेशपत्राशी अक्षरशः जुळतं का, हे मात्र प्रवेशपत्र मिळताच पाहा. एकावर पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर आद्याक्षरं असतील, तर परीक्षेच्या काही दिवस आधीच हेल्पलाइनला विचारा; गेटवर ते सुटत नाही.

पेन, पेन्सिल, पारदर्शक बाटली यांपैकी सूचनांत लिहिलं असेल तेवढंच घ्या. संगणकावरच्या परीक्षेत पेनही कधी केंद्रावरच मिळतं. घड्याळ आणि मोबाइल शक्यतो घरीच, कारण केंद्रावर ते ठेवायची सोय असेलच असं नाही.