उत्साह आवाजावरून मोजू नका

सहसंस्थापकांच्या चर्चेच्या रेकॉर्डिंगचा एकपानी गोषवारा करताना प्रत्येक कल्पनेपुढे तिला मिळालेला उत्साह लिहा. पण तो मांडणाऱ्याचा नव्हे, ऐकणाऱ्याचा. समजा, लातूरचे दोघे बोलताहेत. आडतीच्या हिशेबाच्या ॲपवर दुसरा "भारी आहे की!" म्हणाला आणि विषय बदलला. सोयाबीनचा ओलावा मोजणाऱ्या स्वस्त यंत्रावर मात्र त्यानं "किंमत किती ठेवायची?" असं विचारलं, आणि २० मिनिटांनी स्वतःहून तोच विषय परत काढला. पहिल्या कल्पनेपुढे 'कौतुक झालं, पुढे काही नाही' एवढंच लिहा. दुसऱ्या कल्पनेपुढे 'जोरदार', ऐकणाऱ्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, आणि रेकॉर्डिंगमधल्या दोन्ही वेळा: १४:२० व ३४:०५. अगदी शेवटी आलेल्या कल्पनेला थंड प्रतिसाद दिसला, तर 'वेळ संपत आली होती' अशी नोंद जरूर करा. त्याला नकार समजू नका.