वर्षाची सॉफ्टवेअर वर्गणी आगाऊ आली की ती महिन्यांत कशी वाटायची

ग्राहकाने वर्षाचे पैसे एकदम भरले म्हणजे वर्षाची विक्री झाली नाही. त्याला वर्षभर सेवा द्यायचं देणं आपल्या डोक्यावर आलं. हे मी अनेक छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या हिशेबांत दुरुस्त केलं आहे. हे सगळं आपल्या सर्व्हरवर चालणाऱ्या आणि ग्राहकाने लॉगिन करून वापरायच्या सॉफ्टवेअरसाठी आहे. लायसन्सची प्रत ग्राहकाच्या मशीनवर कायमची देऊन टाकत असाल तर त्याचा हिशेब वेगळा असतो.

एक खरं वाटेल असं उदाहरण घेऊ. २० युजर, प्रत्येकी वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे १,२०,००० अधिक १८ टक्के जीएसटीचे २१,६००. इन्व्हॉइस २८ मे २०२५ चं, पैसे २ जूनला आले, लॉगिन चालू झालं १६ जूनला आणि मुदत १५ जून २०२६ पर्यंत.

इन्व्हॉइसची एंट्री करताना ग्राहकाला १,४१,६०० डेबिट करा. १,२०,००० ‘आगाऊ वर्गणी’ या लेजरला क्रेडिट करा आणि ते लेजर चालू देण्यांखाली ठेवा. २१,६०० जीएसटीच्या लेजरला जातील. ‘आता विक्रीला टाका, मार्चमध्ये उलटवू’ हा सल्ला ऐकू नका. अशाने अकरा महिने नफा-तोटा पत्रक चुकीचं राहतं आणि मालक त्याच आकड्यांवर माणसं घेतो.

वाटणी सुरू होते ती लॉगिन चालू झालेल्या दिवसापासून, म्हणजे १६ जूनपासून. इन्व्हॉइसची किंवा पैशांची तारीख इथे लागू होत नाही. ग्राहक वापरू शकत नव्हता, त्या दिवसांचं उत्पन्न आपलं नाही.

वाटणीसाठी एक एक्सेल पत्रक करा आणि त्यात प्रत्येक इन्व्हॉइसला एक ओळ ठेवा. B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट, D मध्ये जीएसटी वगळून रक्कम आणि F1 पासून पुढे प्रत्येक महिन्याची पहिली तारीख. मग F2 मध्ये हे लिहून उजवीकडे आणि खाली ओढा:

```
=ROUND($D2*MAX(0,MIN(EOMONTH(F$1,0),$C2)-MAX(F$1,$B2)+1)/($C2-$B2+1),2)
```

आपल्या ग्राहकाचे जूनमध्ये १५ दिवस येतात, म्हणजे ४,९३१.५१ रुपये, आणि जुलैत १०,१९१.७८. बाराने भागणं सोपं असतं हे खरं, पण महिन्याच्या मध्ये सुरू होणाऱ्या आणि मध्येच बदलणाऱ्या वर्गण्यांत ते टिकत नाही. एक-दोन पैशांचा फरक राहिला तर शेवटच्या महिन्यात घाला.

महिनाअखेरीस पत्रकातल्या बेरजेएवढं ‘आगाऊ वर्गणी’ डेबिट, ‘वर्गणी उत्पन्न’ क्रेडिट.

आता अडचणीची जागा, मुदत चालू असताना होणारा बदल. मला इथेच एकदा रात्रभर बसावं लागलं होतं, आकडे मात्र वरच्याच उदाहरणाचे घेतो. ग्राहकाने १ डिसेंबरला पाच युजर वाढवले, मुदत तीच, १५ जूनपर्यंत. १९७ दिवसांचे ३०,००० × १९७ ÷ ३६५, म्हणजे १६,१९१.७८ रुपयांचं इन्व्हॉइस गेलं. मी पत्रकातल्या जुन्या ओळीत १,२०,००० चे १,३६,१९१.७८ केले आणि निवांत झालो. सूत्राने ती वाढीव रक्कम जूनपासूनच वाटली. जून ते नोव्हेंबरच्या बंद झालेल्या महिन्यांत ७,४५२.६५ रुपये जास्तीचे दिसू लागले, तेही ते पाच युजर अस्तित्वात नसतानाच्या काळात. एंट्र्या मात्र आधीच झालेल्या, त्यामुळे पत्रक आणि लेजर जुळेना. त्या वर्षी असे बरेच ग्राहक होते, म्हणून फरक कुठून आला ते शोधायलाच वेळ गेला.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: बंद झालेल्या महिन्यांचा आकडा हलवणारा कुठलाही बदल करायचा नाही. युजर वाढले, दर तोच, तर नवी ओळ घ्या, सुरुवात १ डिसेंबर, शेवट १५ जून, रक्कम १६,१९१.७८. जुन्या ओळीला हात लावू नका.

ग्राहक मुदत बदलून मोठा प्लॅन घेतो तेव्हा अधिक सांभाळावं लागतं. समजा, युजर वाढवण्याऐवजी त्याने १ डिसेंबरपासून १,५०,००० चा नवा वार्षिक प्लॅन घेतला आणि जुन्यातली शिल्लक वळती करून मागितली. ३० नोव्हेंबरपर्यंत १६८ दिवस गेले, ५५,२३२.८८ उत्पन्न झाले आणि ६४,७६७.१२ शिल्लक आहेत. नवं इन्व्हॉइस ८५,२३२.८८ चं अधिक जीएसटी. अशा वेळी शिल्लक सरळ उत्पन्नात टाकलेली मी पाहिली आहे. ‘जुना करार संपला ना’ असं कारण दिलं जातं. ते चूक आहे, कारण ते पैसे परतही गेले नाहीत आणि त्यांची सेवाही दिली गेली नाही. ते नव्या वर्षाच्या सेवेचे झाले. म्हणून जुनी ओळ ३० नोव्हेंबरला बंद करा. बंद करताना शेवटची तारीख आणि रक्कम दोन्ही एकदम बदला, ५५,२३२.८८ लिहा. रोजचा दर तोच राहिल्याने मागचे महिने हलत नाहीत. नव्या ओळीत १,५०,००० पूर्ण लिहा, १ डिसेंबर २०२५ ते ३० नोव्हेंबर २०२६. बदल केल्यावर मागच्या महिन्यांच्या बेरजा आधीच्या आकड्यांशी ताडून बघा. एक पैसाही हलला असेल तर थांबा आणि कारण शोधा.

जीएसटीची वाटणी होत नाही, तो इन्व्हॉइसच्या महिन्याच्या हिशेबात पूर्ण भरावा लागतो. म्हणून वर्षाच्या शेवटी जीएसटी रिटर्नमधली उलाढाल आणि खात्यातलं उत्पन्न वेगळं दिसतं. हा फरक ‘आगाऊ वर्गणी’च्या वर्षभरातल्या वाढ-घटीएवढा असायला हवा. पहिल्या उदाहरणात, म्हणजे पाच युजर वाढवलेल्या ग्राहकाच्या बाबतीत, ३१ मार्च २०२६ ला ७६ दिवस उरतात. जुन्या ओळीचे २४,९८६.३० आणि नव्या ओळीचे ६,२४६.५८, मिळून ३१,२३२.८८. इन्व्हॉइस झाली १,३६,१९१.७८ ची, उत्पन्न १,०४,९५८.९०, फरक नेमका तेवढाच. ट्रायल बॅलन्समधली ‘आगाऊ वर्गणी’ची शिल्लक सगळ्या ग्राहकांच्या अशा बेरजेशी जुळली पाहिजे. दर महिन्याला हे जुळवा, मार्चची वाट पाहू नका.

टीडीएस कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो. ग्राहकाने पहिल्या इन्व्हॉइसवर जीएसटी वगळून १० टक्के, म्हणजे १२,००० कापले, तर ते सगळे त्याच वर्षीच्या रिटर्नमध्ये मागायचे नाहीत. टीडीएसचं क्रेडिट उत्पन्न ज्या वर्षी दाखवता त्या वर्षी, त्या प्रमाणात मिळतं. या वर्षी ९५,०१३.७० उत्पन्न दाखवलं, तर ९,५०१.३७ मागा आणि उरलेले २,४९८.६३ रिटर्नमध्ये पुढच्या वर्षासाठी नेलेले दाखवा. ‘येणे टीडीएस’ लेजरमध्ये ते तेवढेच उभे दिसले पाहिजेत.