वडिलांच्या मोबाईलमधल्या क्लिपांची फिल्म करताना या चुका टाळा

माझे दाजी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गेले. वर्षश्राद्धाच्या दिवशी घरच्यांना दाखवण्यासाठी त्यांच्या मोबाईलमधल्या क्लिपांची एक छोटी फिल्म करायची, असे माझ्या भाच्याने ठरवले. तो १६ वर्षांचा आहे, लातूर जिल्ह्यातल्या गावी राहून अकरावी करतो, आणि रील्सपलीकडे त्याने तोवर काही जोडलेले नव्हते. मी लग्नाच्या शूटिंगचे आणि एडिटिंगचे काम करतो, त्यामुळे अडले की तो मला फोन करत असे. त्याच्याकडून ज्या चुका झाल्या किंवा होता होता राहिल्या, त्या इथे लिहितो.

त्याने एडिटिंगचे ॲप दाजींच्याच मोबाईलमध्ये टाकले होते, आणि जागा पुरेना म्हणून तो क्लिपा पुसायला निघाला होता. गेलेल्या माणसाच्या मोबाईलमध्ये काहीही नवीन टाकू नये, काहीही पुसू नये. आधी केबलने सगळे कॉम्प्युटरवर उतरवावे, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर ठेवावी आणि मगच पुढे जावे. आधी पुसलेले काही असेल तर गॅलरीतला ‘ट्रॅश’ त्याच दिवशी उघडून पाहावा, कारण त्यातल्या क्लिपा ठरावीक दिवसांनी, बहुधा ३० किंवा ६० दिवसांनी, कायमच्या जातात.

पाठवलेली प्रत आणि मूळ क्लिप

उतरवलेल्या फायलींमध्ये येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाची, एकच क्लिप दोनदा सापडली. एकीचे नाव `VID_20240111_131542.mp4` आणि दुसरीचे `VID-20240112-WA0007.mp4`. भाच्याने दुसरी घेतली, कारण ती आकाराने लहान होती आणि कॉम्प्युटरवर न अडखळता चालत होती. पहिली `DCIM/Camera` फोल्डरमधली मूळ क्लिप आहे. नावातच तारीख आणि दुपारचे १ वाजून १५ मिनिटे ही वेळ आहे. `WA` लिहिलेली दुसरी म्हणजे व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेली प्रत, आणि तिच्या नावातली तारीख शूटिंगची नसून पाठवल्याची आहे. मोबाईलवर दोन्ही सारख्याच दिसतात, मात्र टीव्हीवर ज्वारीच्या ताटांच्या जागी हिरवा चिखल दिसू लागतो. मूळ क्लिप मोबाईलमध्ये उरलीच नसेल, तरच व्हॉट्सॲपची प्रत वापरावी.

क्लिपा तारखेवार लावतानाही नावावरच विसंबावे. केबलने उतरवलेल्या फायलीवर बऱ्याचदा उतरवल्याच दिवसाची तारीख पडते, आणि फायलीच्या आत लिहिलेली वेळ बहुतेक मोबाईलमध्ये भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. रात्रीच्या लाइटीवर पाणी देताना दाजींनी पहाटे ४:५० ला घेतलेली क्लिप यामुळे आदल्या दिवशीच्या रात्री ११:२० ची दिसत होती, आणि पेरणी व पाणी यांचा क्रम उलटा लागला होता.

आवाज मागे पडतो तेव्हा

भाच्याचे सर्वांत जास्त दिवस या अडचणीत गेले. येळवशीची ती क्लिप चार मिनिटांची. सुरुवातीला भाच्याच्या आत्या डोक्यावरची आंबिलाची घागर खाली टेकवतात, तिथे चित्र आणि आवाज बरोबर जुळतात. मग दाजी मोबाईल घेऊन कडब्याच्या कोपीत शिरतात, पांडवांची पूजा टिपतात आणि बाहेर येतात. शेवटी बांधावर नारळ फुटतो, पण त्याचा आवाज चार सेकंदांनी येतो. भाच्याने सगळा आवाज चार सेकंद अलीकडे ओढला. नारळ जुळला, पण घागर बिघडली.

अशा वेळी क्लिपमधल्या दोन ठळक आवाजांच्या जागा तपासाव्यात, एक सुरुवातीची आणि एक शेवटची. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर आवाज सरकवून भागते. फरक वाढत गेला असेल तर दोष फ्रेमच्या वेगात असतो. मोबाईल सेकंदाला ३० चित्रे घेतो असे आपण धरतो, पण अंधारात जास्त उजेड मिळावा म्हणून अनेक मोबाईल हा वेग आपोआप २४ च्या आसपास आणतात. कोपीतल्या २० सेकंदांत अशी १२० चित्रे कमी पडली, म्हणजे चार मिनिटांत ७,२०० ऐवजी ७,०८० चित्रे भरली. भाच्याचे जुने सॉफ्टवेअर सगळी चित्रे ३० च्याच वेगाने चालवत होते, त्यामुळे चित्र २३६ सेकंदांत संपत होते आणि आवाज मात्र पूर्ण २४० सेकंद चालत होता.

मीडियाइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये क्लिप उघडल्यावर `Frame rate mode` समोर `Variable` दिसले, तर हाच दोष समजावा. अशी क्लिप एडिटिंगला घेण्याआधी एकसारख्या वेगाची करून घ्यावी. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये त्यासाठी `Constant Framerate` हा पर्याय आहे. आम्ही मात्र एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमची पुढची कमांड चालवली.

```
ffmpeg -i VID_20240111_131542.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:v libx264 -crf 17 -c:a aac -b:a 192k yelavas_30.mp4
```

जिथे चित्रे कमी आहेत तिथे आधीचेच चित्र पुन्हा ठेवले जाते आणि लांबी आवाजाइतकी होते. कोपीतली हालचाल किंचित अडखळत दिसते, आणि त्यावर माझ्या माहितीत तरी चांगला उपाय नाही. हे काम कापाकापी करण्याआधी करावे. भाच्याने १८ तुकडे लावून झाल्यावर केले, आणि ते सगळे त्याला पुन्हा लावावे लागले.

वडील दिसत नाहीत म्हणून टाकून दिलेल्या क्लिपा

एवढे झाल्यावर त्याने मला पहिला जोड पाठवला, तो दोन मिनिटांचाही नव्हता. “मामा, पप्पा दिसतेतच नऊ क्लिपांमध्ये,” तो म्हणाला. बाकी जवळपास २०० क्लिपा त्याने बाजूला काढल्या होत्या. पण त्या सगळ्या क्लिपांमध्ये मोबाईल दाजींच्याच हातात होता. नुसत्या सोयाबीनची म्हणून टाकलेली एक क्लिप आम्ही दोघांनी हेडफोन लावून ऐकली. पहिल्या दोन सेकंदांत चित्रात फक्त माती आणि त्यांच्या चपलेचा अंगठा आहे, आणि आवाज येतो, “झालं का रे चालू?” मग मोबाईल वर उठतो. चित्र स्थिर नाही म्हणून भाचा प्रत्येक क्लिपची हीच सुरुवात कापत आला होता.

जो माणूस नेहमी कॅमेऱ्यामागे असतो, तो क्लिपच्या दोन टोकांना सापडतो, म्हणजे मोबाईल वर उचलताना आणि बंद करताना. म्हणून पहिल्या फेरीत काहीही कापू नये. चित्राकडे न पाहता सगळ्या क्लिपा एकदा नुसत्या ऐकाव्यात आणि त्या माणसाचा आवाज जिथे आला तो सेकंद वहीत लिहून ठेवावा. भाच्याने असे ४१ आवाज लिहिले. त्यांत खोकला होता, बैलाला घातलेली हाक होती, आणि ताईला “इकडं बघ की” असे सांगणेही होते.

या आवाजांवर त्याने आधी गाणे चढवले होते, नंतर वारा घालवायला नॉइज रिडक्शन पूर्ण ताणले होते. त्यामुळे दाजी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे ऐकू येऊ लागले. वाऱ्याची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असते, म्हणून ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममधला `High-Pass Filter` ८० हर्ट्झला लावावा आणि नॉइज रिडक्शन ६ डेसिबलच्या वर नेऊ नये. थोडा वारा राहतो, तो राहू द्यावा. शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजात वारा असतोच.

फिल्म सात मिनिटांची झाली. जुन्या टीव्हीला पेनड्राइव्हवरून चालावी म्हणून ती एच.२६४ एमपी४ मध्ये काढली; १० एमबीपीएसला फाइल सुमारे ५२५ एमबी भरली. पुण्यातल्या चुलत्यांना ती व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली, कारण तसे पाठवल्यास ती दाबली जात नाही.