ट्रेडमार्कचा अर्ज माल ऑनलाइन चढवण्याआधीच करा

समजा, तुम्ही घरगुती मसाले नि लोणची विकता. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग ठरलेले असतात: मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लोणची वर्ग २९ मध्ये. प्रत्येक वर्गाचं शुल्क वेगळं: वैयक्तिक अर्जदार किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन ४५०० रुपये. पैसे कमी असतील तर जास्त खपणाऱ्या मालाचा वर्ग आधी घ्या, पण त्याआधी सरकारी संकेतस्थळावर मिळतीजुळती नावं जरूर तपासा.

नोंदणीला वेळ लागतो. परीक्षण होतं, मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी आणि त्यानंतर हरकतींसाठी चार महिने. मात्र ॲमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीला, म्हणजे तिथे ब्रँड आपल्या नावावर नोंदवायच्या सोयीला, भारतातला प्रलंबित अर्जही चालतो, म्हणून अर्ज क्रमांक लवकर हाती असणं महत्त्वाचं. ब्रँड रजिस्ट्रीत आल्यावर तुमच्या उत्पादनाच्या पानावरच्या मजकुरावर तुमचा शब्द अधिक चालतो आणि नक्कल करणाऱ्याची तक्रार करता येते.

गाडी बहुधा दोन ठिकाणी अडते. अर्जातलं नाव, रजिस्ट्रीत भरलेलं नाव आणि पाकिटावर छापलेलं नाव तंतोतंत जुळावं लागतं. रजिस्ट्रीला पाठवायच्या फोटोपुरतं पाकिटावर चिकटवलेलं स्टिकर नाकारलं जाऊ शकतं. दुसरं म्हणजे ॲमेझॉनचा पडताळणीचा कोड ट्रेडमार्क कार्यालयात नोंदवलेल्या ईमेलवर जातो. तो ईमेल बहुतेक वेळा वकिलाचा किंवा एजंटचा असतो. म्हणून अर्ज भरतानाच कुठला ईमेल टाकलाय ते विचारा आणि कोड लगेच कळवायला सांगून ठेवा.

नोंदणी होईपर्यंत नावापुढे ™ लावा. ® आधीच छापणं कायद्याने गुन्हा आहे.