प्रमाणात जागावाटप: शिल्लक मतांच्या हिशोबात या चुका टाळा

पॅनेलना मतांच्या प्रमाणात जागा द्यायच्या ठरल्या की पुष्कळ जण भागाकार करतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकाला नेतात. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हीच, आणि ती शॉर्टकटच्या हौसेतून येते.

एका संस्थेत १२ जागांची कार्यकारिणी होती, वैध मते ८४०. म्हणजे एका जागेचा कोटा ७०. चार पॅनेलना ३८६, २३६, १७७ आणि ४१ मते पडली. भागाकार ५.५१, ३.३७, २.५३ आणि ०.५९ आला. मोजणाऱ्यांनी पूर्णांक केले: ६, ३, ३, १. बेरीज १३! मग ‘यांचा तर एक कोटाही भरत नाही’ म्हणून चौथ्या पॅनेलची जागा कापली.

नियमाने उलट व्हायला हवे होते. आधी फक्त भरलेले कोटे: ५, ३, २, ०. दहा जागा गेल्या, दोन उरल्या. शिल्लक मते ३६, २६, ३७ आणि ४१. सर्वात मोठी शिल्लक चौथ्याची, त्याखालोखाल तिसऱ्याची. निकाल ५, ३, ३, १. एकही कोटा न भरता जागा मिळू शकते. किमान मतांची अट हवी असेल तर ती मतदानाआधी लिहा.

मी शिल्लक नेहमी मतांत लिहितो, दशांशात नाही. वरचेच आकडे एका दशांशापर्यंत आणले तर पहिल्याचे ५.५ आणि तिसऱ्याचे २.५ होतात, आणि ३६ व ३७ बरोबरीचे समजून लोक चिठ्ठी टाकायला बसतात.

वाद वाढल्यावर कुणीतरी सुचवले, ‘समितीच १३ जणांची करा, कुणी नाराज होणार नाही.’ घाईने काढलेला हा तोडगा मला सर्वात धोकादायक वाटतो. १३ जागांना कोटा सुमारे ६४.६ होतो, आणि त्याच मतांवर निकाल ६, ४, ३, ० येतो. समिती वाढली आणि चौथ्याची जागा गेली! मोठ्या पॅनेलची शिल्लक या बदलात जास्त वाढते म्हणून हे होते. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेनंतर याच पद्धतीने हिशोब केला, तेव्हा २९९ जागांच्या सभागृहात अलाबामाला ८ जागा येत होत्या, ३०० च्या सभागृहात ७. मोजणी सुरू झाल्यावर जागांची संख्या बदलू नका.

कोट्याचे सूत्रही तेव्हा बदलू नका. मतांना जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागून, अपूर्णांक सोडून एक मिळवायचा ड्रूप कोटा इथे ६५ येतो, आणि १२ जागांवरही चौथ्याला शून्यच मिळते.

बाद मते कोट्यात धरू नका.

शिल्लक खरोखर समान आली तर काय, हे उपविधीत आधीच लिहा. मी चिठ्ठी पसंत करतो, सर्व पॅनेलच्या प्रतिनिधींसमोर टाकलेली.