सेटलमेंट बंद पडली तर किती तासांत उभी करायची? छोट्या पेमेंट कंपनीसाठी आरटीओ ठरवण्याची रीत

बिझनेस इम्पॅक्ट ॲनालिसिस, म्हणजे कोणतं काम बंद पडलं तर काय नुकसान होतं याची तपासणी, करताना विभागप्रमुखांना ‘किती वेळात सुरू हवं?’ असं विचारू नका. उत्तर ‘लगेच’ असंच येतं. त्याऐवजी विचारा: हे काम एक तास, चार तास, एक दिवस बंद राहिलं तर कोणाचे पैसे अडकतात, कोणती मुदत चुकते?

लगेच फरक दिसतो. पेमेंट स्वीकारणं थांबलं की काही मिनिटांत ग्राहक दुकानातून परत जातो. फसलेल्या व्यवहारांच्या तक्रारींना मात्र थोडी उसंत असते. यूपीआयने ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराकडे पुष्टी पोहोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती व्यवहारानंतर ५ दिवसांत परत जायला हवी; त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई. म्हणून या कामासाठी एक दिवसाचा आरटीओ, म्हणजे काम पुन्हा उभं करण्याची कमाल मुदत, बहुधा पुरतो.

खरी कसोटी सेटलमेंटची, म्हणजे जमा झालेले पैसे व्यापाऱ्यांच्या खात्यात पोहोचवण्याची. इथे मुदतीपासून उलटं मोजा. समजा, व्यापाऱ्यांना संध्याकाळी ६ पर्यंत पैसे देण्याचा करार आहे आणि सकाळी ११ वाजता, फाइल पाठवण्याच्या तोंडावर, सिस्टिम बसली. हातात ७ तास. बँकेला पैसे जमा करायला १ तास, पेमेंटची फाइल बनवून मेकर-चेकरची मंजुरी, म्हणजे एकाने बनवलेलं दुसऱ्याने तपासणं, घ्यायला १ तास, रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या आणि बँकेच्या नोंदींची जुळवणी, पुन्हा करायला २ तास. उरले ३. हाच आरटीओ. बिघाड लक्षात येऊन निर्णय व्हायला अर्धा तास जातो, म्हणजे तंत्रज्ञांच्या हाती अडीच तासच. त्यातही डेटाबेस आधी उभा राहिला पाहिजे. त्याला दीड तास आणि ॲप्लिकेशनला एक, अशी वाटणी लिहून ठेवा. बहुतेक तक्त्यांत नेमकं हेच चुकतं: सेटलमेंटपुढे ३ तास आणि ती ज्यावर चालते त्या डेटाबेसपुढे ८.

आता किती डेटा गमावलेला चालेल, ते ठरवा. बॅकअप दर चार तासांनी होत असेल आणि सिस्टिम बसण्याआधीच गेलेल्या एखाद्या फाइलची ‘पाठवली’ ही नोंद त्यात नसेल, तर पुन्हा उभी राहिलेली सिस्टिम तीच फाइल दुसऱ्यांदा पाठवेल. व्यापाऱ्याच्या खात्यात गेलेली दुप्पट रक्कम परत मिळवणं फार कठीण जातं. म्हणून व्यवहारांच्या खतावणीची प्रत क्षणोक्षणी दुसऱ्या ठिकाणी जायला हवी. तरीही सिस्टिम उभी राहिल्यावर पहिलं पेमेंट सोडण्याआधी व्यापाऱ्यांचे पैसे वेगळे ठेवलेल्या एस्क्रो खात्याच्या स्टेटमेंटमधले यूटीआर, म्हणजे प्रत्येक बँक व्यवहाराचे स्वतंत्र क्रमांक, आपल्या नोंदींशी जुळवा. त्याला लागणारा वेळ वरच्या २ तासांतच धरा.

शेवटी बॅकअपवरून डेटाबेस खरोखर उभा करून घड्याळ लावा, तेही महिनाअखेरच्या आकाराच्या डेटावर. दीड तासाऐवजी साडेतीन लागले, तर तक्त्यात दीड लिहू नका. एक तर सतत चालू राहणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा खर्च मंजूर करून घ्या, नाहीतर करारातली ६ ची वेळ बदलून घ्या.