अनोळखी भाषेतले व्हीपीएन अ‍ॅप कसे वापरावे

अ‍ॅप उघडण्याआधी भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये त्या भाषेचा ऑफलाइन संच उतरवून ठेवावा. त्याची गरज का पडते, ते पुढे येईलच.

सर्व्हर निवडताना यादीतील नावे वाचण्याची गरज नसते. झेंडा किंवा दोन अक्षरी देशसंकेत पाहावा. मात्र CH म्हणजे स्वित्झर्लंड आणि CN म्हणजे चीन, हे लक्षात असू द्यावे. विशिष्ट देश नको असेल, तर जवळचा आणि ms मध्ये दिलेला प्रतिसादाचा वेळ सर्वांत कमी असलेला सर्व्हर घ्यावा.

खरी कसोटी किल स्विचची, म्हणजे व्हीपीएन तुटताच इंटरनेट अडवणाऱ्या सोयीची असते. न समजणाऱ्या सेटिंगमधील बटणे एकेक दाबून पाहण्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही, कारण त्यात चुकून दुसरेच काही बदलते आणि नंतर ते शोधता येत नाही. अँड्रॉइडवर हे काम फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, म्हणजे तुमच्या भाषेत होते. व्हीपीएनच्या यादीत त्या अ‍ॅपच्या नावाशेजारचे दातेरी चाक दाबावे, व्हीपीएन कायम सुरू ठेवण्याचा पर्याय चालू करावा आणि त्याखालचा, व्हीपीएनशिवाय जोडणी रोखण्याचा पर्यायही चालू करावा. पहिला पर्याय एकटा पुरेसा नाही. गळती थांबवतो तो दुसरा. मग अ‍ॅपमधून जोडणी तोडून एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले नाही, तर किल स्विच काम करत आहे. केवळ अ‍ॅपमधल्या किल स्विचची अशी चाचणी मात्र फसवी ठरते, कारण आपण स्वतः जोडणी तोडली की अनेक अ‍ॅप्स इंटरनेट मोकळे सोडतात.

इंटरनेट असे रोखल्यामुळेच पुढची अडचण उभी राहते. समजा, संध्याकाळी जोडणी तुटली आणि पडद्यावर न कळणारा लाल संदेश आला. इंटरनेट अडवलेले असल्यामुळे ऑनलाइन भाषांतर चालत नाही, आणि घाबरून लोक अ‍ॅपच काढून टाकतात. तसे करू नये. संदेशाचा स्क्रीनशॉट घेऊन ऑफलाइन संचाने तो वाचावा आणि अ‍ॅपमध्ये लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, दिसत असेल तर तो उघडावा, कारण अ‍ॅपची भाषा कोणतीही असली तरी लॉगमधील तांत्रिक ओळी बहुधा इंग्रजीतच असतात.

`AUTH_FAILED` दिसल्यास सर्व्हरपर्यंत पोहोच झाली आहे, पण त्याने ओळख नाकारली आहे. अशा वेळी सर्व्हर बदलत बसण्यात अर्थ नसतो, पासवर्ड आणि वर्गणीची मुदत तपासावी. `TLS key negotiation failed to occur within 60 seconds` किंवा `did not complete after 5 seconds` अशी ओळ वारंवार येत असेल, तर बहुतेकदा सर्व्हरकडून उत्तरच येत नसते. आधी दुसरा सर्व्हर घ्यावा. तरीही तेच झाले, तर ते नेटवर्क UDP ही माहिती पाठवण्याची पद्धत अडवत असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा अ‍ॅपमध्ये TCP ही दुसरी पद्धत निवडावी, ही अक्षरे सहसा सर्व भाषांत तशीच लिहिलेली असतात. प्रमाणपत्राविषयी तक्रार दिसली, तर फोनची तारीख आणि वेळ आधी तपासावी.